खासगी माणूस, सार्वजनिक बातमी : माध्यम कायद्याच्या वर्गासाठी एक कल्पित प्रकरण

संहिता

मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गाला माध्यम कायदा शिकवते. खासगीपणा आणि जनहित यांतला ताण आपल्याकडे बहुधा मंत्री, अभिनेते आणि खेळाडू यांच्या उदाहरणांनी शिकवला जातो. परंतु माझे निम्म्याहून अधिक विद्यार्थी जिल्हा आवृत्त्यांमध्ये नोकरीला लागतात आणि तिथे त्यांच्या बातमीत येणारी माणसे त्या दिवसापर्यंत कोणत्याही वर्तमानपत्रात आलेली नसतात, पुन्हा येण्याची त्यांची इच्छाही नसते. म्हणून या वर्षी मी पुढील कल्पित प्रकरण तयार केले आहे. वर्गात नेण्यापूर्वी ते इथे तपासून घ्यावे, असे वाटते.

विदर्भातील सुमारे बाराशे वस्तीचे एक गाव आहे. तिथल्या 'क' नावाच्या शेचाळीस वर्षांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आत्महत्या केली. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद करून पंचनामा केला आणि त्यांना त्याच्या खिशात एक चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीत तीन गोष्टी आहेत. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी सहकारी बँकेच्या शाखाधिकाऱ्याने हंगामभर चकरा मारायला लावल्या, ही पहिली. गावातल्याच 'स' या माणसाकडून व्याजाने घेतलेल्या पैशांसाठी त्याने चारचौघांत अपमान केला, ही दुसरी. थोरल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले आणि ते कशामुळे मोडले, ही तिसरी. मागे पत्नी, एकोणीस वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा आहे. रात्री नऊ वाजता एका शिपायाने मोबाईलवर काढलेले चिठ्ठीचे छायाचित्र तुमच्या वार्ताहराकडे येते. अकरा वाजता पान सुटणार आहे.

तुम्ही काय छापाल आणि कोणत्या आधारावर?

खरेखुरे

मला यात फारशी अडचण दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात स्पष्ट म्हटले आहे की एखादी बाब सार्वजनिक अभिलेखात आली की तिच्याबाबत खासगीपणाचा हक्क उरत नाही. पंचनामा आणि जप्त केलेली चिठ्ठी हा सरकारी कागद आहे. शिवाय मजकूर खरा आहे आणि ज्याने तो लिहिला तो माणूस हयात नाही. मृत व्यक्तीला खासगीपणाचा हक्क नसतो, असे उच्च न्यायालयांनी सांगितलेले आहे. मग चिठ्ठी जशीच्या तशी छापण्यात कायद्याने काय चूक आहे? शेतकरी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो ते लोकांनी वाचावे म्हणूनच.

अॅड. वैनगंगा

खरेखुरे यांच्या प्रत्येक वाक्याला थोडा आधार आहे, पण कोणताच आधार चिठ्ठी छापण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राजगोपाल प्रकरण तमिळ साप्ताहिक 'नक्कीरन'च्या संपादकांचे होते. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर या कैद्याचे आत्मचरित्र त्यांना छापायचे होते. त्यात काही अधिकाऱ्यांचे त्याच्याशी असलेले संबंध उघड होणार होते, म्हणून तुरुंग प्रशासनाने ते छापू नये असे संपादकांना कळवले. सरकारला अशी आगाऊ बंदी घालता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच निकालात असेही म्हटले की स्वतःचे कुटुंब, विवाह, मातृत्व, शिक्षण अशा बाबींबद्दल संमतीशिवाय कोणी काही प्रसिद्ध करू नये, मग ते खरे असो वा खोटे, स्तुतीचे असो वा टीकेचे. सार्वजनिक अभिलेखाचा अपवाद त्यानंतर येतो आणि तिथे न्यायालयाच्या अभिलेखाचा मुद्दाम उल्लेख आहे. या निकालातले संपादकांचे यश तेवढे लक्षात ठेवले जाते आणि त्यातली मर्यादा विसरली जाते.

आता आपला कागद पाहू. आकस्मिक मृत्यूची चौकशी हा पोलीस तपासाचा भाग आहे. तपासात जप्त झालेली आणि अजून कोणत्याही न्यायालयापुढे न आलेली चिठ्ठी सार्वजनिक अभिलेख ठरते, असे म्हणायला मला निकालात आधार सापडत नाही. प्रथम माहिती अहवाल २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळून संकेतस्थळावर टाकायचे असतात, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी आहे. इथे तर वार्ताहराच्या हाती अभिलेखाची प्रतही नाही. एका शिपायाने अधिकार नसताना बाहेर पाठवलेले छायाचित्र आहे.

मजकूर खरा असण्याबद्दल बोलायचे, तर बदनामीच्या दाव्यात सत्य हा बचाव आहे. फौजदारी बदनामीत त्याच्या जोडीला लोकहितही दाखवावे लागते. खासगीपणाच्या तक्रारीत मात्र खरेपणाने काहीच सुटत नाही, कारण तिथे खरी गोष्ट बाहेर येणे हीच इजा असते. मुलीचे लग्न मोडले हे खोटे असते, तर तिला निदान खुलासा तरी करता आला असता.

मृत व्यक्तीबद्दलचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. जयललिता यांच्या जीवनावरील चित्रपटाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, आणि सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, हा हक्क व्यक्तीबरोबर संपतो असे म्हटले. म्हणजे 'क'च्या वतीने कोणाला दावा करता येणार नाही. पण मुलगी हयात आहे. लग्न तिचे मोडले आहे आणि त्या ओळीतला खासगीपणा तिचा स्वतःचा आहे, तो तिला वडिलांकडून वारशाने मिळालेला नाही. चिठ्ठी कोणी लिहिली यापेक्षा ती कोणाबद्दल आहे, हे आधी विचारावे लागते.

बांधावरून

मी तालुक्याला बातमीदारी करतो. वकीलताईंचे सगळे मान्य करूनही एक भीती सांगावीशी वाटते. अशी चर्चा झाली की शहरातली मंडळी 'नावच छापू नका' इथवर येतात, आणि ते झाले तर सर्वांत मोठी सोय प्रशासनाची होते.

शेतकरी आत्महत्येचे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते आणि 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यांतले तीस हजार हाती येतात आणि सत्तर हजार ठेव म्हणून ठेवले जातात. समिती तीन गोष्टी पाहते : नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा. कर्ज राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. ज्याने परवाना नसलेल्या माणसाकडून पैसे घेतले, त्याचे कर्ज कागदावर कर्जच ठरत नाही. मृत्यू व्यसनामुळे किंवा घरगुती भांडणामुळे झाला, असा शेरा पडला तरी तेच होते.

हा शेरा खोटा आहे हे दाखवायचे असेल, तर नाव, गाव, सातबारा आणि बँकेचे खाते यांशिवाय कसे दाखवणार? 'एका शेतकऱ्याने' असे छापले की त्या बातमीची पडताळणी कोणालाच करता येत नाही. संशोधकाला करता येत नाही, आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारता येत नाही आणि पुढच्या वर्षी मलाही माझ्याच बातमीचा पाठपुरावा करता येत नाही. आता माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधील बदलामुळे 'वैयक्तिक माहिती' एवढे कारण देऊन समितीची कागदपत्रे नाकारणे सोपे झाले आहे. कलम ८(२) खाली जनहित दाखवून ती मागता येतात, पण तालुक्याच्या कार्यालयात तो वाद घालायला किती जणांना जमेल?

पांदण

माझ्या मामांचे असेच झाले आहे. ते एका कर्जाला जामीनदार होते. वित्तसंस्थेने थकबाकीदारांच्या जाहीर नोटिशीत त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापले आणि गावात त्यांना तोंड दाखवणे कठीण झाले. त्या वर्तमानपत्रावर खासगीपणाचा दावा करता येईल का? शेतकऱ्याचे प्रकरण याच प्रकारचे आहे म्हणून विचारतो.

संहिता

पांदण, तुमच्या मामांना झालेला त्रास मी समजू शकते, पण हा प्रश्न वेगळा आहे. ती नोटीस म्हणजे वित्तसंस्थेने दिलेली जाहिरात आहे. छायाचित्र छापण्याचा निर्णय संपादकाने जनहित तोलून घेतलेला नाही, तो कर्ज देणाऱ्याने वसुलीसाठी घेतला आहे. म्हणून तिथे आधी वसुलीचे नियम पाहावे लागतील आणि मुख्य प्रतिवादी वित्तसंस्था असेल. नोटिशीचे कात्रण आणि जामिनाचा करार घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलात, तर प्राथमिक सल्ला मिळू शकेल.

बांधावरून यांनी नावाबद्दल मांडलेले मला पूर्ण पटते आणि ते मी वर्गात सांगणार आहे. नाव हा पडताळणीचा धागा आहे. पण त्या कारणाने चिठ्ठीतला तिसरा मजकूरही छापायचा का, याचे उत्तर मला त्यात मिळत नाही.

ओवी_ना

मी सहसा नुसते वाचते. आज लिहीत आहे, कारण या प्रकरणातल्या मुलीच्या जागी मी होते.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली : कर्ज आणि 'मुलींच्या लग्नाची चिंता' यामुळे शेतकऱ्याने जीवन संपवले. बाबांनी असे काही लिहिलेले नव्हते. घरासमोर जमलेल्यांपैकी कोणीतरी ते बोलले असावे. आमच्या घरात तेव्हा लग्नाचा विषयही नव्हता. पण छापून आले, म्हणून तेच कारण झाले. शाळेत, नातेवाइकांत आणि पुढे माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हाही ते वाक्य माझ्याआधी तिथे पोहोचलेले असायचे, कारण आडनाव आणि गाव टाकले की ती बातमी आजही पहिल्यांदा दिसते. बाबांच्या जाण्याचे कारण मी आहे, असे कित्येक वर्षे मी मनात धरून होते.

बाबांचे नाव छापल्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट नाव आल्यामुळेच तलाठी घरी आले, असे आई सांगते. माझी तक्रार त्या एका कारणाबद्दल आहे. ते कोणी तपासले होते?

डेस्कवरचा

ओवी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या रात्रपाळीच्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. नाव न सांगता सांगेन, तरी तुमची हरकत असल्यास अवश्य कळवा.

मी जिल्हा आवृत्तीचे पान लावतो. संहिता मॅडमचे प्रकरण माझ्यासमोर आले तर मी काय करेन, ते सांगतो. 'ही बातमी जनहिताची आहे का?' या प्रश्नाने सुरुवात केली की मी फसतो, कारण उत्तर 'हो' असते आणि मग त्या एका होकारावर सगळे तपशील आत येतात. म्हणून मी प्रत्येक तपशील हातात घेऊन विचारतो की हा काढला तर वाचकाला जे कळायला हवे, त्यातले काय कमी होईल.

'क'चे नाव आणि गाव काढले, तर बांधावरून म्हणतात ते सगळे कमी होते. तेव्हा ते राहील, मात्र घरच्यांना कळल्याची खात्री झाल्यावरच. पीककर्जाचे नूतनीकरण झाले नाही, हे राहील. त्यासाठी चिठ्ठीवर थांबता येणार नाही. शाखाधिकाऱ्याला फोन करून अर्ज कधी आला, कोणत्या कागदासाठी अडला, हे विचारावे लागेल. त्याने उत्तर दिले नाही, तर तेही छापावे लागेल. तो काही खासगी माणूस म्हणून इथे आलेला नाही. त्याने खुर्चीत बसून केलेल्या किंवा न केलेल्या कामाबद्दल प्रश्न आहे.

मुलीचे लग्न काढले, तर काय कमी होते? कर्जाबद्दल, बँकेबद्दल, समितीबद्दल काहीच नाही. मग ते जाईल. ते नुसते धूसर करूनही भागणार नाही. बाराशे वस्तीच्या गावात 'कौटुंबिक कारणही असल्याचे समजते' एवढे लिहिले की गाव उरलेले वाक्य पूर्ण करते, आणि समितीतल्या कोणाला ते 'घरगुती कारण' म्हणून वापरताही येते. चेहरा झाकून नाव छापणे किंवा नाव गाळून मुलीचे वय आणि महाविद्यालय देणे, या दोन्ही गोष्टी मी पानावर पाहिल्या आहेत. कधी आपण निम्मे देतो, दुसरे वर्तमानपत्र उरलेले निम्मे देते आणि दोन्ही शेजारी ठेवली की मुलगी ओळखू येते. म्हणून पान सोडण्याआधी बातमी त्याच गावातल्या माणसाच्या नजरेने एकदा वाचावी लागते.

चिठ्ठीचे छायाचित्र तर नाहीच. प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आत्महत्येच्या बातमीत छायाचित्रे, चित्रफिती आणि पद्धतीचे वर्णन टाळायला सांगतात. तसेच बातमी ठळक जागी लावू नये आणि सनसनाटी मथळा देऊ नये, असेही त्यांत आहे.

खरेखुरे

अॅड. वैनगंगा यांचा अभिलेखाबद्दलचा मुद्दा मान्य. मी पंचनामा आणि न्यायालयाचा कागद एकच धरत होतो. पण मग मानसिक आरोग्य कायद्याने हा प्रश्न आधीच संपवलेला नाही का? २०१७ च्या त्या कायद्याचे कलम २४ संमतीशिवाय कोणतीही माहिती माध्यमांना देण्यास मनाई करते. त्यानुसार 'क'चे नावही छापता येणार नाही.

अॅड. वैनगंगा

त्या कलमाचे शब्द तेवढे व्यापक नाहीत. मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, असे ते सांगते. 'क' कोणत्याही उपचाराखाली नव्हता. तो वाचला असता आणि मनोरुग्ण विभागात दाखल झाला असता, तर हे कलम थेट लागू झाले असते, आणि तेव्हा नावाबद्दलचे माझे उत्तर नक्की बदलले असते. संहिताताई, हा फेरफार वर्गात जरूर द्यावा. मृत्यू झाला तर नाव छापायचे आणि माणूस वाचला तर झाकायचे, हे मुलांना आधी विचित्र वाटेल. पण वाचलेल्याला उद्या त्याच गावात उठून बियाणे आणायला जायचे असते.

डेस्कवरचा यांनी सांगितलेल्या सूचनांमागची ताकद किती आहे, हेही सांगायला हवे. प्रेस कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. दैनिकातील मजकुराबद्दलची तक्रार साधारणपणे दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि सुतक उतरून सावरायलाच घराला तेवढे दिवस लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात या सूचना दूरचित्रवाहिन्यांनीही पाळाव्यात असे सांगितले, आणि आत्महत्या केलेल्या व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवू नये, तिच्या खासगीपणात शिरू नये, असे बजावले. दावा करता येत नसला तरी मर्यादा असू शकते, ती अशी.

छपाई रोखण्यासाठी न्यायालयात जाणेही सोपे नाही, आणि ते तसे असणेच योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात बजावले की खटला चालण्याआधी मजकुरावर एकतर्फी मनाई देताना न्यायालयांनी फार सावध राहावे. आज हा आदेश मुलीला मिळाला, तर उद्या तोच 'स'ला आणि परवा शाखाधिकाऱ्याला मिळेल. म्हणून रात्री नऊ ते अकरा या दोन तासांत जे ठरते, त्यावर बहुतेक वेळा कोणतेही न्यायालय बसलेले नसते.

ओवी, तुमच्यासाठी दोन ओळी. जुन्या बातम्या हटवून घेण्याच्या हक्काबद्दल उच्च न्यायालयांचे निकाल एका दिशेचे नाहीत आणि त्यांतले बरेच न्यायालयीन निकालपत्रांतल्या नावांबद्दल आहेत. पण तुमचा मुद्दा विस्मरणाचा नसून चुकीच्या मजकुराचा आहे. ते वाक्य कोणत्या आधारावर छापले, असे संपादकांना लेखी विचारून दुरुस्तीची आणि संकेतस्थळावरून ते वाक्य काढण्याची मागणी करता येईल. पत्राचा मसुदा मी करून देईन.

पैलतीर

मी इंग्लंडमध्ये एका स्थानिक वृत्तपत्रात काम करते, म्हणून तुलनेसाठी लिहिते. इथे अशा मृत्यूची चौकशी कोरोनर करतो आणि ती सुनावणी खुली असते. आम्ही तिथे बसून नाव, वय आणि निष्कर्ष लिहून घेतो. पद्धतीचे अनावश्यक तपशील द्यायचे नाहीत, हे आचारसंहितेत आहे. म्हणजे नावावर इथे वाद नसतो, कारण ते खुल्या सुनावणीतून येते. चिठ्ठी मात्र कोरोनर सहसा पूर्ण वाचून दाखवत नाही आणि तिचा आवश्यक तेवढाच भाग नोंदीत येतो.

'स'बद्दल मात्र इथे वेगळे घडले असते. २०२२ पासून इथल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की आरोप ठेवला जाण्यापूर्वी, तपासाच्या टप्प्यावर असलेल्या व्यक्तीला त्या तपासाबद्दल खासगीपणाची अपेक्षा ठेवता येते. त्यामुळे 'स'चे नाव छापण्यापूर्वी आमच्या वकिलांनी फार विचार केला असता.

बांधावरून

'स'वर कोणीच नीट बोलले नाही, याची मी वाट पाहत होतो. खासगी माणूस म्हणून त्याला झाकायचे का? आमच्याकडे अशा माणसाकडे कोऱ्या मुद्रांकावर सह्या असतात, खरेदीखताच्या नावाखाली जमीन असते आणि गावात त्याच्याविरुद्ध बोलणारा नसतो. मेलेल्या माणसाने तेवढे धाडस केले. ते नाव आपण गाळायचे?

अॅड. वैनगंगा

तुमचा राग मला समजतो, पण तुमच्या हातात आत्ता काय आहे ते पाहा. एका शिपायाच्या मोबाईलवरून आलेले छायाचित्र, ज्यातले अक्षर 'क'चे आहे की नाही हे कोणी तपासलेले नाही, आणि त्यात एका हयात माणसावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा अप्रत्यक्ष आरोप. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा नोंदला गेला आणि त्यात नाव आले, तर 'अमुक याच्याविरुद्ध गुन्हा दाखल' ही बातमी आहे. आज रात्री तशी नोंद नाही. चिठ्ठीवर विसंबून नाव छापलेत आणि ती बनावट निघाली, तर एका घराच्या दुःखात दुसऱ्या घराची बदनामी जोडली जाईल.

डेस्कवरचा

इथे मी दोघांच्या मध्ये उभा आहे. 'स' खासगी माणूस आहे, पण व्याजाने पैसे देणे हा त्याचा खासगी व्यवहार नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली त्यासाठी परवाना लागतो आणि परवान्याची नोंद तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे असते. तेव्हा मी वार्ताहराला चिठ्ठी बाजूला ठेवून सकाळी त्या कार्यालयात पाठवीन. 'स'चा परवाना आहे का, त्याच्याविरुद्ध आधीच्या तक्रारी आहेत का, आणखी कोणी कर्जदार नाव देऊन बोलायला तयार आहेत का, हे पाहावे लागेल. परवाना नसेल, तर दोन बातम्या होतात. एक 'स'ची, आणि दुसरी अशी की त्याचे कर्ज समिती धरणार नाही, त्यामुळे कुटुंब अपात्र ठरू शकते. तेव्हा नाव छापायला माझी हरकत नाही, कारण ते माझ्या स्वतःच्या तपासणीवर उभे असेल. पहिल्या रात्री मात्र 'चिठ्ठीत खासगी सावकाराचा उल्लेख असल्याचे पोलिसांनी सांगितले' एवढेच जाईल, आणि तेही ठाणेदारांनी नाव देऊन सांगितले तरच.

बांधावरून

सकाळपर्यंत कोऱ्या मुद्रांकांचा गठ्ठा दुसरीकडे हललेला असतो. तुमचे चूक आहे असे मी म्हणत नाही. ती किंमत कोण मोजतो, तेवढे नोंदवून ठेवतो. आणि त्या रात्री चिठ्ठीचे छायाचित्र गावच्या सगळ्या गटांवर फिरत असते, तेव्हा आपण गाळलेले नाव फक्त आपल्याच पानावर गाळलेले असते.

संहिता

गटांवर फिरते म्हणून ते सार्वजनिक झाले, हा युक्तिवाद विद्यार्थी दरवर्षी करतात. माझे उत्तर असे की गावातल्या शंभर जणांना माहीत असणे आणि ओवी यांच्या बातमीसारखे कायमचे शोधता येणे, या दोन वेगळ्या इजा आहेत. पहिली आपण थांबवू शकत नाही, दुसरी आपल्याच हातून होते.

चौदा वर्षांच्या मुलाबद्दल कोणी लिहिले नाही. समजा छायाचित्रकाराने तिरडीपाशी उभ्या असलेल्या त्याचे छायाचित्र आणले आणि आईने दारातच 'छापा' म्हटले.

अॅड. वैनगंगा

बाल न्याय कायद्याचे कलम ७४ इथे आपोआप लागत नाही, कारण मुलगा विधिसंघर्षग्रस्त, काळजी व संरक्षणाची गरज असलेला किंवा गुन्ह्याचा बळी वा साक्षीदार आहे, असे अजून म्हणता येत नाही. पुढे गुन्हा नोंदला गेला आणि त्याच्यादेखत अपमान झाला असेल, तर तो साक्षीदार होईल आणि आज छापलेले छायाचित्र त्या दिवसापासून अडचणीचे ठरेल. त्या अवस्थेत दिलेल्या आईच्या होकाराला मी संमती मानणार नाही.

ओवी_ना

यावर माझे थोडे वेगळे मत आहे. माझ्या आईला त्या दिवशी कोणी काही विचारलेच नाही. सगळे काकांना विचारत होते. तिला विचारले असते आणि तिने होकार दिला असता, तर तो मोजायचा नाही, असे ठरवणारे आपण कोण? मात्र माझ्याबद्दलचा होकार तिने द्यावा, हे मला नववीतही मान्य झाले नसते.

संहिता

हा पेच मी प्रकरणात शेवटचा उपप्रश्न म्हणून घालते. तीन महिन्यांनी समितीने 'क'ला अपात्र ठरवले आहे आणि शेरा 'घरगुती कारण' असा आहे. तो खोडण्यासाठी पत्नीला पूर्ण चिठ्ठी छापून हवी आहे, कारण बँक आणि 'स' यांच्याबद्दलच्या ओळी तिच्या बाजूच्या आहेत. मुलीचा विरोध आहे, कारण तिसरी ओळ तिची आहे. ती ओळ गाळून छापली, तर समिती म्हणेल की सोयीचा भाग तेवढा दाखवला.

डेस्कवरचा

मी पहिल्या दोन ओळी छापीन आणि एक मजकूर कुटुंबातील हयात व्यक्तीच्या विनंतीवरून वगळला आहे, असे त्याखाली स्पष्ट लिहीन. पूर्ण चिठ्ठी पत्नीने अपिलात समितीपुढे ठेवावी. तिथे ती वाचली जाईल, छापली जाणार नाही.

अॅड. वैनगंगा

'हयात व्यक्तीच्या विनंतीवरून' हे शब्द काढा. त्या घरात हयात व्यक्ती तीनच आहेत, आणि त्यांतली एक चिठ्ठी छापा म्हणते आहे.